मदत हवी आहे: ॲनोटेटेड बिब्लिओग्राफीत 'मूल्यमापन' म्हणून काय लिहायचं?

रानजाई: एम.ए. समाजशास्त्र, पहिलं वर्ष. विषय 'खेड्यातली जात'. प्रत्येक संदर्भाखाली पाच-सहा ओळी सारांश आणि मूल्यमापन हवंय. सारांश जमतो, पुढे गाडी अडते. एम. एन. श्रीनिवासांच्या 'द रिमेम्बर्ड व्हिलेज'वर (1976) एवढंच झालंय: "म्हैसूरजवळच्या रामपुरा गावाचं जीवन बारकाईने मांडलं आहे. पुस्तक माहितीपूर्ण व ओघवतं आहे." यात काय कमी आहे?

पुस्तककीडा: ते पुस्तकच वगळ. 1970च्या आगीत त्यांच्या सगळ्या नोंदी जळाल्या, नंतर आठवेल तसं लिहिलंय. तो पुरावा कसा?

जुनंपान: सगळ्या नाही जळाल्या. स्टॅनफर्डला जळाल्या त्या वर्गवारी करून तयार केलेल्या नोंदी, मूळ नोंदी भारतात होत्या. पुस्तक मात्र मुख्यतः आठवणीतून लिहिलंय, हे खरं. म्हणून वगळायचं नाही, तेच मूल्यमापनात लिहायचं. रानजाई, 'माहितीपूर्ण' कुठल्याही पुस्तकाला चिकटतं, ते खोडा. लेखकाला हे कळलं कसं आणि कुठून दिसलं नाही, ते विचारा. ते स्वतः ब्राह्मण, गावात मुक्काम पाटलाच्या आश्रयाने. आपलं चित्र वरच्या जातींच्या बाजूने आलंय, हे त्यांनीच मान्य केलंय. मी असं लिहीन:

"1948च्या क्षेत्रकार्यावर आधारलेलं, पण बरंचसं स्मरणातून लिहिलेलं वर्णन. जमीनदार आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली कुटुंबं यांचे संबंध समजायला उपयोगी. दलित वस्तीतून गाव कसं दिसतं, हे यातून थोडंच कळतं, त्यासाठी दुसरा संदर्भ लागेल. नेमक्या आकड्यांसाठी यावर विसंबणार नाही."

शेवटची दोन वाक्यं तुमच्या प्रश्नाला बांधलेली आहेत, बघा. विषय बदलला तर तीही बदलतील.

मोगरा७: आम्हाला नर्सिंगला हेच होतं. नमुना किती, निवडला कसा, एवढं लिहिलं की मार्क मिळायचे. तुम्हीही नमुना लिहा.

जुनंपान: एका गावाच्या अभ्यासात नमुन्याच्या आकड्याने फार काही कळत नाही. संशोधक कुणाच्या घरी राहिला, यावरून जास्त कळतं.

रानजाई: आता कळलं. पण आंबेडकरांचा 1916चा 'कास्ट्स इन इंडिया' पण यादीत आहे. तिथे क्षेत्रकार्यच नाही, मग काय तपासू?

जुनंपान: तिथे युक्तिवाद तपासा. जातीचा गाभा जातीतल्या जातीत लग्न हा आहे, असं ते मांडतात, आणि सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही ते टिकवण्याची साधनं, असं म्हणतात. तुमच्या इतर संदर्भांत याला आधार मिळतो का, की मुद्दा तिथे अडतो, ते लिहा. क्षेत्रकार्य नाही ही त्रुटी म्हणून नोंदवू नका. कोलंबियातल्या चर्चासत्रात वाचलेला निबंध आहे तो.

पुस्तककीडा: बरं, आगीचं मान्य. पण क्रम? मी नेहमी लेखकाच्या आडनावाने लावतो.

मोगरा७: आमच्या मॅडमना विषयवार गट हवे असायचे.

रानजाई: सूचनापत्रकात यावर काहीच नाही. उद्या सरांना विचारते.