३१ हजारांचं पाणी बिल (सोसायटी ग्रुप, १० मे)

सेक्रेटरी: मार्च-एप्रिलचं पाणी बिल आलं आहे. रक्कम ३१,०६५. फोटो टाकतोय. शेवटची तारीख ३० मे.

ब-२०३ मोहिते: मागचं साडेसात हजारांचं होतं ना?? आणि थकबाकी कसली दाखवतायत? आपण थकबाकीदार कधी झालो?

अ-१०१ शिंदे: उन्हाळा आहे. पाइप लावून गाड्या धुणं चालू आहे रोज. मी मागेच बोललो होतो.

ब-४०१ साठे काका: गाड्यांवर नंतर या. खजिनदार, जानेवारी-फेब्रुवारीचं बिलही टाका. एकटं बिल बघून काही कळत नाही, दोन शेजारी ठेवूनच वाचायचं.

खजिनदार देसाई ताई: हे घ्या काका. चालू बिल ७,५४० होतं.

ब-४०१ साठे काका: हं, सापडलं. या जुन्या बिलात मागील वाचन १८,४१२ आणि चालू वाचनही १८,४१२. म्हणजे मीटर वाचलाच नाही. शेऱ्याच्या रकान्यात ‘सरासरी’ लिहिलंय, वापर ६२० युनिट धरलाय. आता नवीन बिल बघा. मागील वाचन पुन्हा तेच १८,४१२ आणि चालू १९,९४८. फरक १,५३६ युनिट. हा फरक चार महिन्यांचा आहे, पण बिलावर कालावधी दोनच महिन्यांचा छापलाय.

अ-३०२ कदम: तेव्हा मीटरच्या चेंबरवर कुणाची तरी गाडी उभी होती. रीडर वॉचमनला सांगून गेला होता.

ब-२०३ मोहिते: पण काका, आधी कमी लावलं, आता जास्त लावलं. शेवटी हिशोब सारखाच ना?

ब-४०१ साठे काका: एकच दर असता तर सारखा झाला असता, फक्त ते ६२० युनिट वजा करायला हवे होते. आपल्याकडे दर टप्प्यांचे आहेत. बिलाच्या मागच्या बाजूला बघा: दर सदनिकेला महिन्याला पहिली १५ युनिट ८ रुपयांनी, पुढची ५ बारा रुपयांनी, त्यापुढची ५ सोळा रुपयांनी आणि २५च्या वर चोवीस रुपयांनी. एक युनिट म्हणजे हजार लिटर.

आपल्या २४ सदनिका. १,५३६ युनिट दोन महिन्यांवर वाटली तर दर घराला महिन्याला ३२ पडतात, म्हणजे सात युनिट थेट सर्वांत महागड्या टप्प्यात. घरामागे महिन्याला ४२८ रुपये, त्याचे २४ घरं आणि दोन महिने करून २०,५४४. बिलात पाणी आकार नेमका हाच आहे.

तीच युनिट चार महिन्यांवर वाटा. दर घराला महिन्याला १६. पंधरा स्वस्त टप्प्यात, एकच बारा रुपयांनी. घरामागे १३२ रुपये, चार महिन्यांचे मिळून १२,६७२. त्यातून मागच्या बिलात सरासरीने घेतलेले ४,९६० वजा करायचे. राहिले ७,७१२.

अ-३०२ कदम: म्हणजे पाणी आकारातच जवळपास १२,८०० जास्त?

ब-४०१ साठे काका: १२,८३२. आणि मलनिस्सारण आकार पाणी आकाराच्या निम्मा आहे, म्हणून तोही आपोआप फुगला. १०,२७२च्या जागी ३,८५६ हवा. दोन्ही मिळून १९,२४८ रुपये जादा.

ब-२०३ मोहिते: ड्रेनेजला मीटर नसतो, मग तो आकार कसा वाढला हाच प्रश्न मला पडला होता.

ब-४०१ साठे काका: ड्रेनेजचं वेगळं मोजमाप नाहीच. पाण्याच्या रकमेवर टक्केवारी. त्यामुळे त्याची वेगळी तक्रार करू नका, पाणी आकार सुधारला की तो सुधारतो. मीटर भाडं मात्र वापरावर नसतं, दरमहा ५० प्रमाणे १०० आहे, ते बरोबर.

सेक्रेटरी: थकबाकी १४९.१२ आहे. ताई, आपण तर प्रत्येक बिल भरलं आहे?

खजिनदार देसाई ताई: हो, पावत्या आहेत. नोव्हेंबर-डिसेंबरचं ७,३१० मात्र मुदतीनंतर फेब्रुवारीत भरलं होतं, चेकवर सही राहिली होती.

ब-४०१ साठे काका: मग उलगडलं. उशीर झाल्यावर दोन टक्के विलंब आकार लागला, १४६.२०. तुम्ही भरलेल्या पैशातून त्यांनी आधी विलंब आकार वळता केला, मग मूळ रक्कम. त्यामुळे मूळ रकमेतले १४६.२० मागे राहिले. पुढच्या बिलात ते थकबाकी म्हणून आले, पण आपण फक्त चालू बिलाचे ७,५४० भरले. तेही आधी जुन्या बाकीत गेले आणि तेवढीच रक्कम नव्या बिलातून उरली. तिच्यावर एप्रिलचे दोन टक्के, २.९२. झाले १४९.१२. एकदा ‘एकूण देय’ भरेपर्यंत हे शेपूट असंच लांबत राहणार.

अ-१०१ शिंदे: सगळं मान्य. पण खरंच वापर वाढला असेल तर? किंवा गळती असेल तर? कागदावर काहीही सिद्ध करता येतं.

ब-४०१ साठे काका: शंका योग्य आहे. कार्यालयातही पहिला प्रश्न हाच येईल. त्याचं उत्तर मीटरच देईल. १,५३६ युनिट खरंच दोन महिन्यांत गेली असतील तर रोज साधारण २५ युनिट जायला हवीत. चार महिन्यांत गेली असतील तर रोज १३च्या आसपास. बिलातलं वाचन ३० एप्रिलचं आहे, आज १० मे. कुणीतरी खाली जाऊन आकडा बघा. काळे आकडे पूर्ण युनिटचे, लाल सोडून द्या.

अ-३०२ कदम: जातो.

अ-३०२ कदम: 📷 २०,०७९. काच धूसर आहे, पण फोटोत वाचता येतंय.

ब-४०१ साठे काका: दहा दिवसांत १३१ युनिट, म्हणजे रोज १३. शिंदे, हे भर मे महिन्यात, गाड्या धुऊनसुद्धा. महिन्याला १६ युनिट म्हणजे चार माणसांच्या घरात माणशी रोज १३३ लिटर होतात. शहरांच्या सरकारी पाणीपुरवठा योजना साधारण १३५ धरून आखतात. बिलाप्रमाणे माणशी २६७ होतात.

अ-१०१ शिंदे: 🙏 बरं. गळतीचं काय?

ब-४०१ साठे काका: पाणी येण्याच्या वेळेत खालच्या टाकीच्या तोंडाचा व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं मीटर बघायचा. काटा फिरत राहिला तर मीटर आणि टाकीच्या मध्ये गळती. टाकीनंतरची गळती यात दिसत नाही, त्यासाठी रात्री पंप बंद ठेवून वरच्या टाक्यांची पातळी बघावी लागेल.

सेक्रेटरी: मी उद्या वॉचमनला घेऊन करतो. अर्जात काय लिहू?

ब-४०१ साठे काका: गाऱ्हाणं नको, हिशोब लिहा. दोन्ही बिलांच्या प्रती, आजचा तारखेसह फोटो, आणि दोनच मागण्या: वापर चार महिन्यांवर विभागून टप्पे लावावेत, आणि सरासरीने घेतलेले ४,९६० रुपये वजा करावेत. आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका.

ब-२०३ मोहिते: आणि तोपर्यंत भरायचंच नाही?

ब-४०१ साठे काका: असं केलंत तर ३० मेनंतर सगळ्या रकमेवर विलंब आकार. आपल्या हिशोबाने देय होतात ११,८१७, थकबाकी धरून. तेवढे भरण्याची परवानगी अर्जातच मागा. ऑनलाइन भरताना रक्कम बदलता येत नसेल तर काउंटरवर चेक द्या आणि मागे ‘हरकत राखून’ लिहा.

खजिनदार देसाई ताई: चेक आजच तयार करते. अध्यक्षांची सही संध्याकाळी घेते.

सेक्रेटरी: आणि चेंबरवर गाडी लावू नये, ही सूचना नोटीस बोर्डवर लावतोय. पुढचं वाचन जूनअखेर आहे.

अ-३०२ कदम: ती गाडी कुणाची होती ते मात्र अजून कुणी सांगितलं नाही 😄