तक्ता, मुद्दे की परिच्छेद? वाचणारा काय शोधतोय ते बघा

"सारांश नेहमी तक्त्यातच द्यावा, एका नजरेत सगळं कळतं."

आकडे ताडून बघणाऱ्याला कळतं, हे मान्य. पण आमच्याकडचं कांद्याचं उदाहरण घ्या. सोलापूर बाजार समितीचा रोजचा भाव तक्त्यात येतो: आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण दर. पंधरा दिवसांचे भाव शेजारी ठेवून चढउतार बघणाऱ्या व्यापाऱ्याला यापेक्षा सोयीचं काही नाही. तोच तक्ता शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकला की नजर थेट 'कमाल'वर जाते. समजा किमान ३००, कमाल २४००, सर्वसाधारण ११०० रुपये क्विंटल. ते २४०० निवडक, वाळलेल्या कांद्याच्या एखाद्या वक्कलाला मिळालेले असतात. बहुतेक माल ११००च्या आसपासच गेलेला असतो. हे तक्त्यात लिहिलेलं असतं, पण कुणी सांगत नाही. (शिवाय मोबाईलवर रकाने मोडून आकडे भलत्याच नावाखाली जातात, ते वेगळंच.)

शेतकऱ्याचा प्रश्न एकच, उद्या गाडी भरू का? त्याला दोन-तीन वाक्यंच हवीत: "बहुतेक माल ११००च्या आसपास गेला. पावसाने ओला माल जास्त आला म्हणून भाव पडला. सुका माल असेल तर थांबायला हरकत नाही." यातला 'म्हणून' तक्त्याच्या कुठल्या रकान्यात बसवणार? मुद्द्यांतही तो गळतो, कारण तिथे आवक आणि भाव या दोन सुट्या बातम्या होतात. मुद्दे मी हमालीपासून विक्रीच्या हिशेबपट्टीपर्यंत काय तपासायचं, एवढ्यापुरतेच वापरतो.