मदत हवी आहे: एकाच सर्व्हेच्या दोन पी-व्हॅल्यू, प्रोजेक्टमध्ये कोणती लिहू?

आबोली
मार्केटिंग रिसर्चचा प्रोजेक्ट आहे. बारावीनंतर गणित सुटलं, त्यामुळे आकडे दिसले की पोटात गोळा येतो. चिवड्याचं जुनं आणि नवं पॅकेट 100 ग्राहकांना दाखवून "कोणतं घ्याल?" असं विचारलं. 60 जणांनी नवं निवडलं. एसपीएसएसमध्ये बायनॉमिअल टेस्टला .057 आलं. मैत्रिणीने त्याच आकड्यांवर काय-स्क्वेअर लावली, तिला .046 आलं. .05 ची रेषा धरली तर एकात नल राहते, दुसऱ्यात उडते! मुळात ही पी-व्हॅल्यू सांगते तरी काय? गुरुवारी गाईडना दाखवायचं आहे.

वारणाकाठ
सोपं आहे. .057 म्हणजे नल खरी असण्याची शक्यता 5.7 टक्के. तुला नवं पॅकेट सरस दाखवायचंय ना? मग वन-टेल्ड घे, फक्त नव्याच्या बाजूचा फरक मोज, .028 येईल. काम फत्ते.

खडूफळा
वारणाकाठ, .028 हा आकडा बरोबर आहे, बाकीचं पटत नाही.

आबोली, सॉफ्टवेअर जरा बाजूला ठेव. तुझी नल अशी: दुकानाच्या एकूण गिऱ्हाइकांत दोन्ही पॅकेटांना सारखीच पसंती आहे, म्हणजे निम्मे लोक नवं उचलतील. अल्टरनेट: निम्मे नाहीत, कमी किंवा जास्त. दोन्ही विधानं सगळ्या गिऱ्हाइकांबद्दल आहेत. त्या 100 जणांचं काय झालं ते आपल्याला माहीतच आहे, त्याची टेस्ट कशाला करायची?

आता नल खरी आहे असं घटकाभर धरून चाल. मग प्रत्येक ग्राहकाची निवड म्हणजे नाणेफेक. 100 वेळा नाणं उडवलं तर छापा बरोबर 50 वेळा क्वचितच येतो. 47, 54 असं काहीही येतं. मग 50 पासून 10 किंवा त्याहून जास्त लांब, म्हणजे 60 च्या वर किंवा 40 च्या खाली, ते दोन आकडे धरून, किती वेळा जाईल? हजार वेळा असा सर्व्हे केला तर साधारण 57 वेळा. हीच तुझी .057. एक्सेलमध्ये स्वतः बघ:

```
=BINOM.DIST(40,100,0.5,TRUE)*2
```

हे गणित सुरूच होतं नल खरी धरून. त्यामुळे नल खरी असण्याची शक्यता त्यातून निघत नाही. आणि वन-टेल्ड घ्यायची तर सर्व्हेच्या आधी ठरवायची. 40 जणांनीच नवं निवडलं असतं, तर तेही तू "फरक आहे" म्हणूनच मांडलं असतंस ना?

आबोली
नाणेफेकीवरून एकदम लक्षात आलं! पण मग .046 कुठून आलं?

खडूफळा
माणसं 59, 60, 61 अशी पायऱ्यांनी वाढतात. काय-स्क्वेअर त्या पायऱ्यांवर एक गुळगुळीत वक्र अंथरते. त्यात 60 च्या पायरीचा अर्धा भाग मोजायचा राहून जातो, म्हणून उत्तर थोडं कमी येतं. ती दुरुस्ती केली की काय-स्क्वेअरही .057 च देते. बायनॉमिअलचं उत्तर लिही.

पण .05 च्या रेषेचा फार धसका घेऊ नकोस. आणखी एकाच ग्राहकाने नवं उचललं असतं तर .035 आलं असतं. एका माणसाने बाजार बदलत नाही. "नल स्वीकारली" असं मात्र लिहू नकोस. "फेटाळण्याइतका पुरावा मिळाला नाही" असं लिही आणि सोबत दे की नव्या पॅकेटची खरी पसंती साधारण 50 ते 70 टक्क्यांच्या दरम्यान असू शकते. मालकाला त्याचा जास्त उपयोग.

मसालेवाला
माझं ऑनलाइन दुकान आहे. दोन जाहिराती चालवतो, रोज रात्री पी-व्हॅल्यू बघतो आणि .05 च्या खाली गेली की टेस्ट बंद करतो. चालेल ना?

खडूफळा
नाही चालणार. रोज बघितलं की योगायोगाने एखाद्या रात्री ती खाली जाण्याची संधी वाढत जाते. किती लोकांवर थांबायचं ते आधी ठरवा.

आबोली, एक राहिलं: नवं पॅकेट कोणत्या हाताला ठेवलं होतं? कायम उजवीकडे असेल आणि लोक उजवीकडचं सहज उचलत असतील, तर पी-व्हॅल्यूला ते कळत नाही.

आबोली
बाजू आलटून-पालटून ठेवायच्या असं ठरलं होतं. शनिवारी काउंटरवर मैत्रीण होती, तिला विचारून सांगते. आमचे गाईड मात्र "नल स्वीकारली" असंच लिहायला सांगतात, त्यांना हे कसं पटवू?

वारणाकाठ
गुरुवार जवळ आलाय. गाईड म्हणतील तसं लिही.

खडूफळा
तसं नको. त्यांना एवढंच विचार: 100 ऐवजी 10 ग्राहक घेतले असते आणि 6 जणांनी नवं निवडलं असतं, तर पी-व्हॅल्यू .75 च्या वर गेली असती. तेवढ्यावर दोन्ही पॅकेटं सारखीच आवडतात असं ते मालकाला सांगतील का?