वाडा पाडला, दरवाजा वाचवला. आता त्याचं काय करू?

शनिवारकर : पुण्यातला आमचा वाडा गेल्या वर्षी पाडला. ठेकेदाराला सांगून मी मोठा दिंडीदरवाजा चौकटीसकट काढून घेतला, तो मेहुण्याच्या गोडाऊनमध्ये पडून आहे. फ्लॅटच्या हॉलमध्ये भिंतीला लावावा असं मला वाटतं, बायको म्हणते विकून टाका. जागाच गेल्यावर एखादी वस्तू धरून ठेवण्यात अर्थ आहे का? तुमच्याकडे काय उरलं?

सागवानी : लावाच! विकलात तर जन्मभर हळहळाल. आमच्या वाड्याचे दोन खांब मी दारापाशी उभे केलेत, येणारा प्रत्येक जण हात लावून बघतो. असलं जुनं सागवान आता मिळत नाही. एक कौलही ठेवलंय, त्यावर बासेल मिशन आणि १८६५ असं उठवलेलं आहे. म्हणजे घराचं वय घरातच जपलं गेलं. वस्तू राहिली की घर राहतं, माझं तरी असं ठाम मत आहे.

माजघर : माझं मत अगदी उलट. विका आणि मोकळे व्हा. आमचं माजघर दिवसाही अंधारं असायचं. नळ खाली चौकात आणि स्वयंपाक माडीवर, त्यामुळे आईने पाण्याच्या बादल्या उभ्या जिन्याने वर वाहिल्या. संडास मागच्या अंगणात, सगळ्या बिऱ्हाडांना मिळून. पावसाळ्यात कौलं सरकली की रात्री अंथरुणं इकडून तिकडे करायची. वाडा पाडला तेव्हा आई रडली नाही. तिने विचारलं, नव्या घरात नळ किती?

उथळा : मी जुन्या वाड्यांची मोजमापं घेण्याचं काम बरीच वर्षं केलं आहे. दरवाजा लावा किंवा विका, आधी तो मोजून घ्या. चौकटीची बाहेरून बाहेर रुंदी आणि उंची. कारण तो दरवाजा ही आता तुमच्या वाड्याची एकमेव खरी पट्टी आहे.

लग्नामुंजीत दारासमोर काढलेला एखादा फोटो घरात नक्की असेल. समजा चौकट सहा फूट रुंद आहे आणि फोटोत ती तीन सेंटिमीटर भरते. मग त्याच भिंतीवरचा प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे दोन फूट. ओट्याची लांबी, खिडक्यांमधलं अंतर, माडीचा कठडा, सगळं यातून निघतं. फोटो समोरून सरळ काढलेला हवा. तिरका असेल तर लांबची बाजू आखूड भरते आणि सगळं चुकतं. भिंतीच्या पुढे आलेल्या किंवा मागे असलेल्या गोष्टीही या मापाने धरू नका.

आतल्या भागासाठी वाटणीपत्र शोधा. जुन्या दस्तांत घर खणांनी सांगितलेलं असतं : चौकाच्या पश्चिमेस पाच खणी सोपा, त्यावर माडी. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आपल्याकडे साधारण पाच ते सहा फूट. साडेपाच धरला तर तो सोपा साडेसत्तावीस फूट झाला. पण सगळ्या वाड्यांना एकच आकडा लावू नका. समोरच्या बाजूचे खांब फोटोत दिसत असतील, तर त्यांच्यावरून तुमचा खण किती होता ते ठरवता येईल.

मग भावंडांना वेगवेगळं बसवून प्रत्येकाकडून नकाशा काढून घ्या. एकत्र बसवलंत तर थोरला सांगेल तेच सगळे काढतील. आठव्या वर्षी पाहिलेला चौक नेहमी मोठा आठवतो, म्हणून कागदावरचे खण हातात ठेवून नकाशे ताडून बघा. जिथे तीन नकाशे जुळत नाहीत, तिथे बहुतेक वेळा मधल्या काळात भिंत घातलेली असते किंवा दार बुजवलेलं असतं. म्हणजे प्रत्येकाला आपापल्या काळातलं घर आठवत असतं, आणि तिघंही बरोबर असतात.

सागवानी, कौलावरचं साल कारखाना सुरू झाल्याचं असतं. त्या कारखान्याने पुढे कित्येक वर्षं तेच साल छापलं. त्यावरून घराचं वय काढू नका. खांबाखालचे दगडी उथळे ठेवलेत का? दोन उथळ्यांमधलं अंतर मोजलेलं असतं तर तुमचा खण कळला असता.

सागवानी : सालाचं माहीत नव्हतं. उथळे राडारोड्यात गेले. पण मोजमापाने मन भरतं का हो? खांबाला हात लावला की आजी आठवते. नकाशाला हात लावून काय आठवणार?

उथळा : आजी कुठे बसायची ते आठवेल. आमच्याकडे एका घरच्यांनी दरवाजा फ्लॅटच्या भिंतीला लावला आणि अडसर त्यावर आडवा ठोकून टाकला. मूळ अडसर बाजूच्या भिंतीत आत सरकायचा, तीन-चार हात खोल भोकात. रात्री तो ओढताना होणारा आवाज त्या घरातल्या सगळ्यांना आठवत होता, पण भोक कोणत्या बाजूला होतं यावर वाद झाला. लाकूड समोर असून ते सांगता येईना.

प्लॉट नं २ : बिल्डरने कार्पेट किती दिलं? जुन्या खणांच्या हिशेबाने जास्त मागता येतं का? आमचंही बोलणं चालू आहे.

शनिवारकर : तो विषय वेगळा आहे, इथे नको.

नदीकाठ : उथळा यांचं म्हणणं पटलं, पण ते कागद हाताशी असलेल्यांसाठी आहे. आमचं घर १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरात गेलं. दरवाजा, फोटो, खरेदीखत, सगळं एकाच दिवशी. मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. आम्हाला सहकारनगरला जागा मिळाली. माझ्याजवळ उरलं ते शेजाऱ्यांचं येणंजाणं, कारण आळीतली पुष्कळ माणसं तिकडेच आली. वडील मरेपर्यंत पत्ता सांगताना आधी जुन्या आळीचं नाव सांगायचे. त्यामुळे वस्तूही नाही आणि नकाशाही नाही, माणसं उरतात असं मी म्हणेन.

उथळा : तुमचा कागद गेला तरी सरकारी दप्तरातला राहिलेला असू शकतो. नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिका आणि हद्दीचा नकाशा मागून बघा. प्लॉटचा आकार आणि क्षेत्र मिळेल. आतल्या खोल्या मिळणार नाहीत, ही त्याची मर्यादा.

माजघर : मला तुमच्या वाटणीपत्रावरच आक्षेप आहे. आमच्या वाटणीपत्रात काकांचे खण आहेत, वडिलांचे आहेत, देवघर सामाईक आहे. बाळंतिणीची खोली त्यात नाही. आत्या नवऱ्याघरून परत आली आणि माळ्याखाली वीस वर्षं राहिली, ती जागा नाही. भाडेकरू तर नाहीतच. त्यावरून काढलेला नकाशा हा मालकांच्या घराचा नकाशा होईल आणि पुढच्या पिढीला तोच खरा वाटेल. त्यापेक्षा नसलेला बरा.

उथळा : आक्षेप रास्त आहे. म्हणूनच कागद आधी आणि बायकांचं सांगणं नंतर, असं मी करत नाही. पण नसलेला बरा हे मला मान्य नाही. आत्याची जागा दाखवायची तरी तिच्याभोवतीच्या भिंती कागदावर लागतात.

माजघर : त्या भिंती कोणाच्या नावाने लिहिणार, यावर आपलं जमणार नाही.

शनिवारकर : दरवाजाचं अजून ठरलेलं नाही, पण रविवारी चौकट मोजतो. मोठी आत्या नाशिकला असते, तिच्याकडून नकाशा काढून घेईन, भावांना न दाखवता.

माडीवरचे : आम्ही कसब्यात एका वाड्यात भाड्याने होतो. मालकांचं वाटणीपत्र आम्हाला कोण दाखवणार? आईने भाडेपावत्या मात्र जपल्यात. काहींवर ‘माडीवरील पूर्वेकडील दोन खण’ असं लिहिलंय, पुढच्या काळातल्यांवर तीन खण आहे. यावरून काही काढता येईल का?

उथळा : येईल. दोनाचे तीन कोणत्या महिन्यात झाले ते बघा आणि त्याच महिन्यात भाडं वाढलं का तेही बघा. वाढलं असेल तर शेजारचं बिऱ्हाड गेलं आणि खोली तुम्हाला मिळाली. वाढलं नसेल तर बहुधा मधला पडदा किंवा कूड काढून मोजणी नव्याने धरली. आईंना विचारा, पण पावत्या दाखवण्याआधी.