भुवया आणि नाकाशेजारचा सेबोरिक डर्मटायटिस: साफ झाल्यावर पुढे काय करता?

नमस्कार. भुवयांत तेलकट, पिवळसर पापुद्रे आणि नाकपुड्यांच्या कडेला लाली, असा त्रास आहे. डॉक्टरांनी २% किटोकोनॅझोल क्रीम दिवसातून दोनदा, चार आठवडे लावायला दिलं. लाली जास्त होती म्हणून सुरुवातीचे थोडे दिवस सोबत १% हायड्रोकॉर्टिसोनही होतं. चेहरा स्वच्छ झाला, पण क्रीम थांबवलं की काही आठवड्यांत पापुद्रे पुन्हा हजर!

मलासेझिया ही यीस्ट सगळ्यांच्याच त्वचेवर असते आणि त्वचेच्या तेलावर जगते, त्यामुळे हे कायमचं जाणार नाही, आटोक्यात ठेवावं लागेल, हे मान्य आहे. (म्हणूनच कृपया तेल लावायला सुचवू नका.) स्टेरॉइड मात्र चेहऱ्यावर फार काळ नको, त्वचा पातळ होते.

ज्यांनी हे दीर्घकाळ सांभाळलंय त्यांना विचारायचंय: चेहरा साफ असतानाही किटोकोनॅझोल आठवड्यातून एकदा पुरतं की दोनदा लागतं? भुवयांना त्याचाच शाम्पू पाच मिनिटं ठेवून धुतला तर कोरडेपणा वाढतो का? आणि स्टेरॉइडऐवजी टॅक्रोलिमस मलम कुणाला दिलं होतं का? सुरुवातीची जळजळ किती दिवस टिकली?