बी विंग ग्रुप: टेरेसचं पाणी अन् लेखी तक्रार

४०३ काकू: बेडरूमच्या छताला पुन्हा पोपडे आले. बिल्डरच्या ऑफिसात विचारलं तर म्हणे, "तुमची लेखी तक्रारच नाही आमच्याकडे." तीन पावसाळे मी काय भिंतीशी बोलून राह्यली होती का?

१०१ भाऊ: पार्किंगचे पट्टे कधी मारणार?

२०४ काका: वहिनी, फोन केले की लिहून दिलं होतं?

४०३ काकू: फोनच. सुपरवायझर दरवेळी "पाहतो ताई" म्हणायचा.

३०१ रिंकू: अजून पाहूनच राह्यला बाप्पा 😂

२०४ काका: फोन झाला की त्याच संध्याकाळी ईमेल टाकायचा, "आज सकाळी आपण फोनवर चार दिवसांत माणूस पाठवतो म्हणालात." उत्तर नाही आलं तरी तारीख आपल्याकडे राहते. रेराच्या कलम १४(३) नुसार ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामाचा दोष बिल्डरला कळवला, तर ३० दिवसांत त्यानं फुकट दुरुस्त करायचा असतो. पण कळवलं होतं हे दाखवायचं आपल्याला. आपला ताबा नोव्हेंबर २०२१ चा, म्हणजे मुदत नोव्हेंबर २०२६ पर्यंतच.

१०२ साहेब: काका, तुम्ही सेक्रेटरी होते तेव्हा सोसायटीची फाइल कुठं होती?

२०४ काका: चार्ज देताना दिली. सही आहे तुमची त्यावर.

१०१ भाऊ: पट्टे?

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोला. 🙏

४०३ काकू: व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले होते त्याला, २०२३ च्या पावसाळ्यात. "उद्या माणूस पाठवतो ताई" असं उत्तरही आहे.

२०४ काका: हे कामाचं आहे! पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा, नुसता स्क्रीनशॉट नको. नंबर अन् तारीख दिसली पाहिजे. तो मोबाइल विकू नका, मूळ मेसेज त्यातच आहेत.

३०१ रिंकू: पण काकू, तो सुपरवायझर तर केव्हाचाच सोडून गेला न?

२०४ काका: म्हणूनच त्याच्या नंबरावर विसंबू नका. करारनाम्यात शेवटाकडे नोटिसांचं कलम असते, त्यात बिल्डरचा पत्ता अन् ईमेल दिलेला असतो. फोटो लावून तिथंच मेल करा, वरून स्पीड पोस्ट. जुना चॅटही जोडा. पावती अन् पोच त्याच पत्राला टाचा. फाइलीच्या पहिल्या पानावर तारीख, कोणी कोणाला, विषय, कसं पाठवलं, पोच मिळाली का, एवढे रकाने आखा. वकील आधी तेच पान पाहतो.

१०२ साहेब: ताबापत्रही पाहून घ्या. माझ्यात "कसलीही तक्रार नाही" असं छापलेलं आहे, अन् खाली माझीच सही.

३०१ रिंकू: वाचलं नाही काऊन?

१०२ साहेब: तू वाचलं होतं का?

२०४ काका: तेव्हा न दिसलेला दोष पुढं निघाला तर त्या ओळीनं ५ वर्षांचा हक्क जात नाही. बिल्डर दाखवेलच ती, पण भिऊ नका.

४०३ काकू: करारनामा बँकेकडे आहे, लोनमध्ये.

२०४ काका: झेरॉक्स असेल न? नसेल तर नोंदणी कार्यालयातून नक्कल काढा. मेलचा मजकूर मी रात्री लिहून देतो.

१०१ भाऊ: काका, माझ्या भिंतीलाही ओल आहे. मलाही द्या तो मजकूर.