शब्दचर्चा : ‘कसं काय?’ला नेमकं उत्तर काय द्यायचं?

रानवारा :
नोकरीनिमित्त इंग्लंडात येऊन मला पाच महिने झाले. पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी चहाच्या खोलीत एक सहकारी आत आला आणि मला बघून म्हणाला, ‘यू ऑलराइट?’ मला वाटलं, माझा चेहरा उतरलेला दिसतोय म्हणून बिचारा विचारतोय. मी खरं ते सांगितलं. घरातलं गरम पाणी बंद पडलंय, दोन रात्री धड झोप नाही, घरमालक फोन उचलत नाही. तो ऐकत होता, पण त्याचा एक पाय दाराकडे होता आणि हातातला कप अर्धवट वर उचललेला. शेवटी ‘ओ डिअर’ म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, ‘यू ऑलराइट?’ तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की हा सगळ्यांनाच असं विचारतो आणि कुणीच काही सांगत नाही. उलट तेही ‘यू ऑलराइट?’ म्हणतात आणि विषय संपतो!

प्रश्न असा की, उत्तर नको असेल तर प्रश्न विचारायचा कशाला? आणि आपल्याकडे ‘कसं काय?’, ‘काय म्हणता?’ हेही असंच आहे का?

पावशेर :
सरळ आहे. साहेबाचं ते ढोंग असतं. आपल्याकडे माणूस मनापासून चौकशी करतो. आमच्या गावात कुणी ‘बरं हाय न्हवं?’ म्हटलं की बसायला जागा देतो, चहा टाकतो, मग बोलणं.

चिंचगूळ :
@पावशेर, चहा टाकतो हे कबूल. पण ‘बरं हाय न्हवं?’ला तुमच्या गावात कुणी ‘नाही, बरं नाही’ असं पहिल्या फटक्यात म्हणतं का? आठवून सांगा. त्या ‘न्हवं’मध्येच उत्तर भरलेलं आहे. समोरच्यानं फक्त मान डोलवायची.

पावशेर :
तसं कुणी म्हणत नाही, हे खरं. पण नंतर सांगतात की.

चिंचगूळ :
तेच तर. ‘नंतर’ हा शब्द धरून ठेवा, पुढे कामाला येईल.

@रानवारा, तुमचा प्रश्न जुना आहे आणि बऱ्याच जणांनी त्यावर डोकं खपवलंय. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ पापुआ न्यू गिनीतल्या ट्रोब्रियंड बेटांवर राहून आला होता. 1923 साली त्यानं लिहिलं की काही बोलणं माहिती देण्याघेण्यासाठी नसतंच, दोन माणसं एकमेकांच्या सोबतीला आली एवढंच ते पक्कं करतं. हवेबद्दलचं बोलणं, ‘कुठून आलात?’, ख्यालीखुशाली हे सगळं त्याच खात्यात. दोन अनोळखी माणसं गप्प उभी राहिली तर ती गप्पगिरी धोक्याची वाटते, ती मोडायला काहीतरी बोलावं लागतं.

मला हे अर्धंच पटतं. नुसती शांतता मोडायची असती तर ‘नमस्कार’ पुरला असता. प्रश्नच का? इमॅन्युएल शेग्लॉफ नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं फोनवरच्या खऱ्या संभाषणांची सुरुवात ओळ न् ओळ तपासली. क्रम जवळपास ठरलेला निघतो. घंटा आणि ‘हॅलो’, मग कोण बोलतंय याची ओळख, मग अभिवादन, मग दोघांनी एकमेकांना ‘कसा आहेस’ विचारणं, आणि त्यानंतर ज्यासाठी फोन केला ते काम. कामाच्या अगदी अलीकडे हा प्रश्न बसवलेला आहे, तो उगाच नाही. फोन करणाऱ्याकडे विषय आहेच. ज्यानं उचलला, त्याच्याकडे त्याहून तातडीचं काही असलं तर? घरात कुणी आजारी, कुणी गेलं, मुलगा पास झाला. ते सांगायला त्याला जागा हवी. ‘कसा आहेस?’ ही ती जागा. ‘बरा आहे’ म्हणजे ‘माझ्याकडे मध्ये घालण्यासारखं काही नाही, तुझं बोल’.

म्हणजे तुमच्या सहकाऱ्याला उत्तर हवंच होतं. फक्त ते ‘काही नाही, पुढे जा’ असं हवं होतं.

निवृत्त मास्तर :
हे वाचून जुनी पत्रं आठवली. मोडी कागद वाचायचा नाद होता मला. पेशवाईतल्या पत्रांत मायन्यानंतर ‘विनंती उपरी, येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत असावे’ अशा धर्तीचं वाक्य ठरलेलं असे आणि त्याच्या पाठोपाठ एकच शब्द, ‘विशेष’. त्या ‘विशेष’नंतर खरा मजकूर सुरू. मोहीम, कर्ज, भांडण, जे असेल ते. कारकून ते कुशलाचं वाक्य डोळे मिटून लिहीत असणार. पण ते गाळलेलं पत्र हाती आलं की वाचणाऱ्याच्या मनात चुकचुकलं असेल.

आजही आपण भेटल्यावर ‘काय विशेष?’ म्हणतोच. आणि उत्तर? ‘विशेष काही नाही.’ माझ्या मते हे बोलणं त्या पत्रांतूनच आलं.

चिंचगूळ :
वा मास्तर! ‘काय विशेष?’ म्हणजे माझा सगळा परिच्छेद दोन शब्दांत. पत्रांतून आलं म्हणायला मात्र पुरावा हवा. बोलण्यातलं पत्रात गेलं असेल, किंवा दोन्हींचा एकमेकांशी संबंधही नसेल.

निवृत्त मास्तर :
पुरावा नाही, मन सांगतं. आणखी एक. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात कुणाला कोणत्या शब्दानं खुशाली विचारावी तेही वाटून दिलंय. ब्राह्मणाला कुशल, क्षत्रियाला अनामय, वैश्याला क्षेम, शूद्राला आरोग्य. खुशाली विचारतानाही आधी पायरी दाखवायची. उत्तर काय द्यावं, ते मात्र त्या श्लोकात नाही.

तुळस :
मला ऑफिसच्या मेलसाठी हवं होतं. इंग्रजी मेलच्या सुरुवातीला ‘आशा आहे की आपण कुशल असाल’ असं काहीतरी लिहितात ना, त्याला मराठीत शुद्ध वाक्य कोणतं?

चिंचगूळ :
@तुळस, थोडा वेगळा प्रश्न आहे, पण उत्तर देतो. ते ‘आशा आहे की’ मराठीत अंगावर येतं. ‘सप्रेम नमस्कार’ लिहा आणि कामाला लागा.

हळदीकुंकू :
मी एका दवाखान्यात वीस वर्षं कंपाउंडरकी केली, त्यातलं सांगते. आमचे डॉक्टर पेशंट आत आला की ‘या, कसे आहात?’ म्हणायचे. शंभरातले बहुतेक ‘बरं आहे डॉक्टर’ म्हणत खुर्चीत बसायचे. बरं असतं तर आला असता कशाला! मग डॉक्टर विचारायचे, ‘बोला, काय होतंय?’ तेव्हा पोट, गुडघा, जे काही ते बाहेर यायचं. जुना पेशंट दाखवायला आला की मात्र ते ‘आता कसं वाटतंय?’ म्हणायचे आणि त्याला कुणी नुसतं ‘बरं आहे’ म्हणून थांबत नसे. रात्री खोकला, सकाळी घसा, सगळं क्रमानं सांगत.

चिंचगूळ :
काकू, हे फार नेमकं पकडलंत. इंग्रजी दवाखान्यांतल्या संभाषणांतही हाच फरक सापडलाय. ‘हाऊ आर यू?’ला ‘फाइन’, आणि ‘हाऊ आर यू फीलिंग?’ला खरी हकिकत. दुसऱ्या प्रश्नाला आधी काहीतरी झालं होतं हे माहीत असावं लागतं. मराठीत ‘वाटतंय’ ते काम करतं आणि ‘आता’ त्याला आणखी पक्कं करतं. उत्तरातही बघा. ‘बरा आहे’ म्हटलं की गाडी पुढे जाते. ‘आता बरा आहे’ म्हटलं की समोरच्याला ‘का, काय झालं होतं?’ विचारावंच लागतं. एका ‘आता’नं दार उघडतं.

रानवारा :
मग त्या खोलीत मी काय म्हणायला हवं होतं? खरंच झोप नव्हती हो. खोटं बोलायचं?

चिंचगूळ :
हार्वे सॅक्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं नेमका यावरच विचार केलाय. त्याचं म्हणणं असं की ‘वाईट आहे’ म्हटलं की समोरच्याला ‘का?’ विचारणं भाग पडतं आणि सांगणाऱ्याला कारण देणं. पण प्रत्येक अडचण प्रत्येकाला सांगायची नसते. पैशाची अडचण चुलत्याला सांगाल, चहाच्या खोलीतल्या माणसाला नाही. विचारणारा कोण आहे यावर खरं सांगायचं की नाही ते ठरतं. म्हणून सगळ्यांनाच थोडं खोटं बोलावं लागतं, आणि त्याला कुणी खोटं मानत नाही.

मधला मार्गही आहे. संभाषणांचा अभ्यास करणाऱ्या गेल जेफरसन या बाईंनी दाखवलं की ‘फाइन’च्या जागी कुणी ‘प्रिटी गुड’ म्हणालं, तर पुढे तक्रार येण्याची शक्यता असते. तक्रार अजून केलेली नाही, पण चुणूक दाखवलेली असते. समोरच्यानं हवं तर धरावं, नको तर सोडावं.

आमच्या घरातला फोन देतो. मावशी आणि माझी आई.
‘हॅलो.’
‘मी बोलतेय गं. कशी आहेस?’
‘बरी आहे. तू?’
‘चाललंय आपलं…’
‘का गं? काय झालं?’
मावशीनं काहीच सांगितलं नव्हतं. पण ‘बरी आहे’च्या जागी ‘चाललंय आपलं’ आलं आणि शेवटचा स्वर लांबला. आईनं स्वतःचं काम बाजूला ठेवलं. पुढची वीस मिनिटं मावशीच्या सुनेवर गेली.

पावशेर :
इथे मी अडणार. ‘चाललंय’ म्हणजे अडचण, हे मला मान्य नाही. आमचे काका चार दुकानांचे मालक, त्यांना कधीही विचारा, ‘चाललंय तुमच्या आशीर्वादानं’. ‘मजेत’ म्हणायला ते धजत नाहीत, दृष्ट लागेल म्हणून. मग त्यांची चुणूक कशी ओळखायची?

चिंचगूळ :
हा मुद्दा चांगला आहे. ‘प्रिटी गुड’चा नियम जसाच्या तसा मराठीला लावता येत नाही. काकांचं रोजचंच उत्तर ‘चाललंय’ असेल तर ते त्यांचं ‘फाइन’. त्या माणसाच्या नेहमीच्या उत्तरापासून किती सरकलं ते बघायचं. मावशी रोज ‘मस्त’ म्हणते, म्हणून आईला कळलं. अनोळखी माणसाच्या बाबतीत मला तरी सांगता येणार नाही.

हळदीकुंकू :
‘बरंच म्हणायचं’मधला तो ‘च’ मात्र कुणाच्याही तोंडून आला की मी खुर्ची पुढे ओढते.

कोकणी मेवा :
‘बरंय’ आपण निघतानाही म्हणतो, ‘बरंय, येतो मग’. एकच शब्द भेटीच्या दोन्ही टोकांना कसा?

निवृत्त मास्तर :
निघतानाचा ‘बरंय’ म्हणजे ‘ठीक, हे झालं’. वेगळा धागा काढा त्याला.

रानवारा :
आज सकाळी तो पुन्हा आला. मी म्हटलं, ‘ऑलराइट, यू?’ तो म्हणाला, ‘नॉट टू बॅड.’ आता याला चुणूक समजायचं का?

चिंचगूळ :
इंग्रजांकडून ‘नॉट टू बॅड’ म्हणजे बहुधा उत्तमच. पण हा रोज काय म्हणतो?

रानवारा :
ते मी कधी ऐकलंच नाही. उद्यापासून ऐकतो.